नाशिक – संभाजीनगर – जळगाव – शेगाव: चौघांची सहल, मर्यादा २०,०००

१५ नोव्हेंबर २०२५, शनिवार

२६ जानेवारी सोमवारी येतोय. नवऱ्याला शनिवार ते मंगळवार अशी चार दिवसांची सुट्टी मिळेल, त्याहून एक दिवसही जास्त नाही. चिरंजीवांची मंगळवारची शाळा बुडेल, ती बुडू द्यायची. जाणारे आम्ही चौघं: मी, नवरा, सासूबाई (वय ६७) आणि मुलगा (वय १०). एकूण खर्च वीस हजारांच्या आत. खरेदी यात धरायची नाही, ज्याची त्याने आपल्या पाकिटातून करावी. हे आजच लिहून ठेवते, म्हणजे येवल्याजवळ पैठणीचा विषय निघाला की वहीकडे बोट दाखवता येईल.

वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. सगळी आखणी या दोन वारांवर उभी राहणार. आधी शेगाव आणि परतताना लेणी असा उलटा फेरा घेतला तर संभाजीनगरला पोहोचेपर्यंत सोमवार उजाडतो. अजिंठा गेलं, आणि मंगळवारी वेरूळही गेलं. म्हणून सुलटंच जायचं. शनिवारी दुपारी वेरूळ, रविवारी अजिंठा करून तसंच पुढे जळगाव, सोमवारी शेगाव, मंगळवारी रेल्वेने नाशिकरोड. संभाजीनगरहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता पुढे जळगावलाच जातो, त्यामुळे मागे फिरावं लागत नाही. सासूबाईंना घृष्णेश्वर हवंच होतं, ते वेरूळच्या लेण्यांना लागूनच आहे.

१६ नोव्हेंबर

प्रवासाच्या वेळा मांडल्या. प्रत्येक टप्प्याला दोन रकाने केले, एक गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंतचा आणि दुसरा दारापासून दारापर्यंतचा. दिवस आखायचा तो दुसऱ्यावर. नाशिक ते संभाजीनगर एसटीने साडेचार तास, पण इंदिरानगरहून ठक्कर बझारला रिक्षा, बस लागण्याची वाट, उतरल्यावर हॉटेलपर्यंत रिक्षा हे धरलं की पावणेसहा होतात. सकाळी सहाची बस पकडली तर अकरा-साडेअकराला खोलीवर. तिथे बॅगा टाकून, जेवून, दीड वाजेपर्यंत वेरूळ. हातात चार तास राहतात. चौतीस लेणी चार तासांत होत नाहीत आणि सासूबाईंबरोबर तर नकोच. कैलास (१६ क्रमांक) आधी नीट बघायचं. मग जमलं तर आतल्या गाडीने जैन लेण्यांकडे, नाहीतर सरळ घृष्णेश्वर.

टप्पे लावताना एक पथ्य पाळलं आहे: ज्या गाडीच्या वेळेचा भरवसा नाही ती साखळीच्या शेवटी. कोलकात्याच्या बाजूने येणारी लांब पल्ल्याची गाडी दोन तास उशिरा आली तरी मंगळवारी आमचं पुढे काहीच चुकणार नाही, फार तर जेवण गाडीत होईल. तीच गाडी रविवारी मधे घातली असती तर अख्खा दिवस तिच्या हवाली झाला असता. म्हणून रविवारी फक्त रस्ता, आणि संध्याकाळी जळगावला मुक्काम. जळगावहून त्याच रात्री शेगाव गाठता येतं, नवरा तसं म्हणतही होता. पण दिवसभर अजिंठ्याच्या पायऱ्या चढउतार करून रात्री दहाला अनोळखी स्टेशनवर खोली शोधायची, हे सासूबाईंच्या गुडघ्यांना सांगायला तो तयार नव्हता.

२२ नोव्हेंबर

एसटी की रेल्वे की खासगी गाडी, हा हिशेब माणशी करून चालत नाही, घराचा करावा लागतो. एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे (मार्च २०२३ पासून). पाच ते बारा वर्षांच्या मुलांनाही निम्मं. सासूबाई बाई म्हणूनही निम्म्यात आणि पासष्टच्या पुढच्या म्हणूनही निम्म्यात, पण सवलत एकावर एक लागत नाही, मिळते ती एकच. म्हणजे चौघांत पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याचं. चौघांचा प्रवास अडीच तिकिटांत. रेल्वेत मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, आणि मुलाला स्वतःचा बर्थ हवा तर बाराच्या आतला असला तरी पूर्ण भाडं. तिथे चार म्हणजे चारच.

नाशिक–संभाजीनगर पूर्ण तिकीट ३३० धरलं. घरासाठी ८२५.

रविवारचा मामला वेगळा. संभाजीनगर ते अजिंठ्याचा टी-पॉइंट सुमारे शंभर किलोमीटर, तिथून जळगाव साठ. एसटीने दोन्ही टप्पे मिळून घराला ६८५ रुपये. तोच रस्ता खासगी गाडीने पाच हजार! फोनवरच्या माणसाला विचारलं, एकशेसाठ किलोमीटरला इतके कसे? तो म्हणाला, "ताई, गाडी रिकामी परत येणार ना. अन् बाहेरगावचं दिवसाला तीनशे किलोमीटरचं किमान भाडं लागतंच." त्याचं बरोबर आहे. एका बाजूच्या प्रवासाला दोन्ही बाजूंचं डिझेल आपणच भरतो.

गाडी घेतली तर रिक्षा आणि सामान ठेवण्याचे पैसे वाचतील, तरीही एसटीपेक्षा ४,०७५ जास्त जातात. हा आकडा बाजूला लिहून ठेवला, पूर्ण बजेट मांडल्यावर याचा निकाल.

२३ नोव्हेंबर

बजेट मांडलं. मुक्कामाचा खर्च ज्या रात्रीचा त्या दिवसावर टाकला आहे, पैसे आधी भरले तरी. हॉटेलचा दर करासकट धरला. साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर सप्टेंबरपासून ५ टक्के आहे, म्हणून २,२०० ची खोली २,३१० ला पडते. ॲपवर मोठ्या अक्षरात दिसतो तो आकडा बहुधा कराआधीचा असतो.

| दिवस | मुक्काम | बाकी सगळं | एकूण | उरलेले |
|---|---|---|---|---|
| शनि, संभाजीनगर | २,३१० | ४,२९५ | ६,६०५ | १३,३९५ |
| रवि, जळगाव | १,८९० | २,५८५ | ४,४७५ | ८,९२० |
| सोम, शेगाव | १,००० | २,१०० | ३,१०० | ५,८२० |
| मंगळ, परत | – | २,३६० | २,३६० | ३,४६० |

शनिवारच्या "बाकी सगळं"मध्ये वेरूळसाठी अर्ध्या दिवसाची गाडी १,८०० आणि दिवसभराचं खाणं १,४०० आहे. लेण्यांची तिकिटं नगण्य: माणशी ४०, पंधराच्या आतल्यांना माफ, म्हणजे आम्हाला दोन्हीकडे १२०-१२०. लोक तिकिटांचा हिशेब पैशापैशाने करतात आणि जेवणाला "बघू तिथे" म्हणतात. आमच्या यादीत मुक्कामाच्या खालोखाल खाणंच आहे.

शेवटी ३,४६० उरतात असं दिसतंय. नवऱ्याने तक्ता बघितला आणि म्हणाला, "मग घे की गाडी, सहाशेचाच प्रश्न आहे." ४,०७५ मधून ३,४६० गेले की ६१५ कमी पडतात, हे त्याचं गणित बरोबर. पण ते ३,४६० मोकळे आहेत का, हा खरा प्रश्न. आज उत्तर नाही दिलं.

२४ नोव्हेंबर

मोकळे नाहीत.

दोन गोष्टी अशा आहेत की घडल्या तर खर्च, नाही घडल्या तर शून्य. अजिंठ्याला सासूबाईंना चढ झेपला नाही तर डोली करावी लागेल, त्यासाठी २,००० बाजूला हवेत. शेगावला भक्तनिवासाचे हजार धरलेत, पण जोडून सुट्टी आहे. जागा नाही मिळाली तर बाहेर लॉज बघावा लागेल, त्याच्या फरकाचे ८००. हे २,८०० वजा केले की उरतात ६६०. चार दिवस, चार माणसं आणि मोकळे ६६०. खासगी गाडीचा विषय संपला.

पण या राखीव पैशांची गंमत अशी की ते शेवटपर्यंत अडकून राहत नाहीत. डोलीचे दोन हजार रविवारी दुपारी, अजिंठ्याहून खाली उतरलो की सुटतात. लॉजचे आठशे सोमवारी खोलीची किल्ली हातात आली की सुटतात. त्यामुळे प्रत्येक राखीव रकमेपुढे "कधी सुटेल" असा रकाना टाकला. रविवारी सकाळी जे परवडत नाही ते रविवारी दुपारी परवडू शकतं. अजिंठ्याला जाताना एसटीच. येताना डोलीचे पैसे वाचले असले तर टी-पॉइंटवरून जळगावपर्यंत टॅक्सी. थकलेली माणसं येतानाच जास्त थकलेली असतात, तेव्हा सोय तिकडेच हवी. नवऱ्याला हे पटलं. सासूबाईंना यातलं काहीच सांगितलं नाही, नाहीतर टॅक्सीसाठी त्या मुद्दाम चालतील.

शीटमध्ये सी रकान्यात अंदाज, डी मध्ये प्रत्यक्ष, ई मध्ये राखीव, आणि `H1` मध्ये २०,०००. दोन शिलका दाखवायच्या. पहिली हातातली, दुसरी मोकळी:

```
=$H$1-SUM(D:D)
=$H$1-SUM(D:D)-SUMIFS(C:C,D:D,"")-SUM(E:E)
```

दुसऱ्या सूत्रात ज्या ओळीचा प्रत्यक्ष खर्च अजून रिकामा आहे, तिचा अंदाज अडवून ठेवला जातो. खर्च झाला आणि आकडा भरला की अंदाज आपोआप बाजूला होतो, खरा आकडा वजा होतो. एखादा खर्च झालाच नाही तर तिथे शून्य लिहायचं, खाना रिकामा सोडायचा नाही. रिकामा म्हणजे "अजून व्हायचाय", शून्य म्हणजे "होणार नाही". शिवाय दिवसाच्या बेरजा याच रकान्यांत मधेमधे घालायच्या नाहीत, नाहीतर सगळं दोनदा मोजलं जाईल. त्या वेगळ्या पानावर.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, सकाळी आठला. जळगाव–शेगाव २६ जानेवारीचं, ते आज उघडणार होतंच. परतीचा प्रवास २७ जानेवारीचा, म्हणून नवरा म्हणाला उद्या बघू. पण साठ दिवस मोजतात ते गाडी तिच्या पहिल्या स्टेशनावरून निघते त्या तारखेपासून. आमची परतीची गाडी आदल्या दिवशी निघून २७ ला शेगावला येते, म्हणजे तिचंही आरक्षण आजच. उद्या सकाळी बसलो असतो तर मधल्या चोवीस तासांत गेलेल्या जागा गेल्या असत्या.

दोन्ही तिकिटं कन्फर्म, स्लीपर. जाताना ७००, परतीचे १,०६०, आकारणीसकट. अंदाजाच्या जागी हेच आकडे टाकले.

१४ डिसेंबर

संभाजीनगरची खोली पक्की केली, पूर्ण २,३१० भरले. जळगावची "रद्द केल्यास शुल्क नाही, पैसे तिथे" या अटीवर घेतली. दोन्हीकडे अशी मोकळीक असती तर बरं, पण लेण्यांच्या गावात त्या शनिवारी त्या दरात मिळेना. हातातली शिल्लक १५,९३०. मोकळी अजूनही ६६०. जे आधीच अडवलेलं होतं तेच भरलं, त्यामुळे मोकळी जागची हलली नाही. नवऱ्याला दोन्ही आकडे शेजारीशेजारी दाखवले. पंधरा हजार नऊशे बघून माणूस कसा सैल होतो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

१० जानेवारी २०२६

काही बदल नाही. थंडी कडाक्याची आहे, सहाच्या बसला घरून सव्वापाचला निघायचं म्हणजे शाली हाताशी हव्यात.

२४ जानेवारी, शनिवार, रात्री, संभाजीनगर

बस निफाड, येवला, वैजापूर करत सव्वाअकराला पोहोचली. येवल्याला दहा मिनिटं थांबली, चहा झाला. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या, "दहा मिनिटांत काय पैठणी होते व्हय!" आणि विषय तिथेच संपला.

वेरूळला कैलासमध्येच अडीच तास गेले. चिरंजीवांना तो डोंगर वरून खाली कोरत आणलाय हे पटेना. मग पाठीमागे, जिथे कातळ सरळ उभा कापलेला दिसतो, तिथे नेऊन दाखवलं. तिथून तो हलेना. जैन लेणी राहिली. सासूबाई घृष्णेश्वराला रांगेत उभ्या राहिल्या आणि आमच्याआधी बाहेर आल्या.

आजचा जादा खर्च: पहाटेची रिक्षा ३०, पार्किंग ५० आणि खाण्याचे २२०. संध्याकाळी हिमरू शालींच्या दुकानात शिरलो, तेव्हा मोकळी शिल्लक ३६० होती. सासूबाईंनी साडेसहाशेची शाल घेतली आणि माझ्याकडे न बघता स्वतःच्या पाकिटातून पैसे काढले. पंधरा नोव्हेंबरचा नियम त्यांना कोणी सांगितला, ते विचारलं नाही.

हातात ११,३३५. पुढच्या तीन दिवसांचे अडवलेले ८,१७५, राखीव २,८००, मोकळे ३६०.

२५ जानेवारी, रविवार, रात्री, जळगाव

साडेसहाची जळगाव बस. फुलंब्री, सिल्लोड, मग अजिंठा गावाचा घाट उतरून टी-पॉइंट. पावणेदहा वाजले. खासगी वाहनं इथेच थांबतात, पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या शटल बसने. बॅगा सामानघरात ठेवल्या.

सासूबाईंनी डोलीवाल्यांकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "मला अजून चार खांदे नकोत." पहिलं आणि दुसरं लेणं त्यांनी शांतपणे बघितलं. पद्मपाणीपुढे प्रकाश मंद ठेवलेला असतो, डोळे सरावायला वेळ लागतो, त्यांनी तो दिला. मग सावलीत बसल्या आणि आम्हाला पुढे पाठवलं. सोळा, सतरा बघून आम्ही सव्वीसपर्यंत गेलो, तिथला आडवा बुद्ध बघितला आणि परत फिरलो. पायऱ्या उतरून खाली आलो तेव्हा पावणेदोन. तिथेच फोनवर डोलीच्या ओळीत राखीव शून्य केलं. मोकळी शिल्लक ३६० वरून २,३६० झाली.

टी-पॉइंटवर जळगावच्या दोन बस आल्या, दोन्हीत उभं राहायलाही जागा नव्हती. टॅक्सी २,२०० ला ठरली. एसटीचे २५५ आणि जळगावातल्या रिक्षाचे १०० वाचले, म्हणजे खरा जादा खर्च १,८४५. चारच्या सुमारास हॉटेलच्या दारात. रात्री शेवभाजी, कळण्याची भाकरी, आणि सगळे नऊला गार. खाण्यात १२० वाचले.

हातात ५,१३५. अडवलेले ३,७००, राखीव ८००, मोकळे ६३५.

२६ जानेवारी, सोमवार, रात्री, शेगाव

सकाळची गाडी वेळेवर, भुसावळ, मलकापूर करत साडेदहाला शेगाव. खोलीसाठी रांग बघितली आणि आत उभंच राहिलो नाही. जोडून सुट्टीचा शेवटचा दिवस, असं होणारच होतं. दोन तास रांगेत घालवून मिळेलच याची खात्री नाही, आणि आठशे रुपये याच क्षणासाठी ठेवले होते. लॉज १,७८५ ला मिळाला, जादा ७८५. आठशेतले पंधरा परत आले.

दर्शनाला सव्वादोन तास. महाप्रसाद झाला, त्यामुळे दुपारच्या जेवणाचे पैसे जवळजवळ वाचले. दक्षिणेसाठी ५०० धरले होते, सासूबाईंनी ५०१ टाकायला लावले. शीटमध्ये ५०१ च लिहिले.

हातात २,१४९, अडवलेले १,३००, राखीव काही नाही, मोकळे ८४९.

२७ जानेवारी, मंगळवार, रात्री उशिरा, घरी

गाडी शेगावलाच एक तास पन्नास मिनिटं उशिरा. स्टेशनवर कचोऱ्या झाल्या (शेगावात आलं की त्या होतातच), गाडीत पुन्हा जेवण झालं, खाणं १६० ने वाढलं. नाशिकरोडहून रिक्षावाल्याने रात्रीचे ४०० घेतले, ३५० धरले होते. दोन्ही मोकळ्यातून गेले.

चार दिवसांचा एकूण खर्च १९,३६१. शिल्लक ६३९.

३१ जानेवारी

वेळांच्या रकान्यात प्रत्यक्ष वेळा भरल्या. रस्त्याचे टप्पे दारापासून दारापर्यंतच्या अंदाजात बसले, अजिंठ्याला जाताना पंधरा मिनिटं इकडे तिकडे. वेळ कमी पडला तो वेरूळला, आणि तिथे पैशाने काही झालं नसतं. शनिवारी रात्री खुलताबादेत किंवा वेरूळातच राहून रविवारी सकाळी जैन लेणी बघायची, तर अजिंठ्याला दुपार होते. जैन लेण्यांसाठी पुन्हा जायचं झालं तर वेगळा शनिवार-रविवार.

दिराला हीच शीट तारकर्लीसाठी हवी आहे. प्रत्यक्षचा रकाना पुसून, राखीवच्या ओळी तशाच ठेवून पाठवली. तो म्हणतो डोलीची ओळ कशाला, समुद्रावर कोण डोली करतं. तिथे बोटीचं नाव टाक म्हटलं. वाऱ्यामुळे बोट सुटली नाही तर स्कूबाचे पैसे परत कधी मिळणार, ते त्याने आधी विचारून घ्यायचं आणि "कधी सुटेल"च्या रकान्यात लिहायचं.